अठ्ठ्याहत्तरचा नियम: कर्ज लवकर फेडणाऱ्याला महाग पडणारी एक बेरीज

एक ते बारा या आकड्यांची बेरीज अठ्ठ्याहत्तर होते. शाळकरी मुलालाही येणारी ही बेरीज अमेरिकेत अर्ध्या शतकाहून अधिक काळ हप्त्यांच्या कर्जाचा कायदेशीर मापदंड होती. हप्त्यावर मोटार, फ्रिज किंवा फर्निचर घेतलेल्या माणसाने मुदतीआधी कर्ज फेडले, तर भविष्यातले न लागलेले व्याज त्याला किती परत मिळावे, याचे उत्तर ही बेरीज देत असे. ते उत्तर प्रत्येक वेळी थोडेसे, आणि कधीकधी बरेचसे, सावकाराच्या बाजूने झुकलेले असे. हा झुकाव कोठून आला, इतकी वर्षे तो का टिकला आणि कोणी मोडला, याचा हा धागा.

आधी त्या काळातल्या कर्जाचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागेल. आज बँकेचे कर्ज म्हटले की दरमहा शिल्लक मुद्दलावर व्याज लागते, असे आपण गृहीत धरतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतले हप्तेबंदीचे व्यवहार तसे नव्हते. मुद्दल ठरले की मुदतीचे सगळे व्याज पहिल्याच दिवशी काढून त्यात मिळवले जाई, आणि त्या एकूण रकमेला महिन्यांनी भागून हप्ता ठरे. आपल्याकडे दुचाकीच्या कर्जात ‘फ्लॅट रेट’ म्हणतात, तोच हा प्रकार. ऋणकोने सही केली त्या क्षणापासून तो नुसत्या मुद्दलाचा नव्हे, तर मुद्दल अधिक संपूर्ण व्याज इतक्या रकमेचा देणेकरी होई.

या पद्धतीमागे कायद्याची एक जुनी पळवाट होती. व्याजाच्या कमाल दरावर बहुतेक राज्यांत मर्यादा होत्या. पण वस्तूची रोखीची किंमत वेगळी आणि उधारीची किंमत वेगळी असू शकते, आणि त्या दोहोंतला फरक म्हणजे ‘व्याज’ नव्हेच, असा युक्तिवाद न्यायालयांनी मान्य केला होता. इंग्लंडमध्ये १८२७ सालच्या ‘बीट विरुद्ध बिजगुड’ या खटल्यात आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १८६१ सालच्या ‘हॉग विरुद्ध रफनर’ या खटल्यात तो उचलून धरला गेला. परिणामी, शिवणयंत्रापासून मोटारीपर्यंत हप्त्यावर विकली जाणारी प्रत्येक वस्तू व्याजमर्यादेच्या कायद्याबाहेर राहू शकली. सिंगर कंपनीने १८५० च्या दशकात शिवणयंत्रे हप्त्यावर विकायला सुरुवात केली होती. जनरल मोटर्सने १९१९ साली केवळ मोटारविक्रीच्या कर्जासाठी स्वतंत्र वित्त कंपनी काढली. विसाच्या दशकात मोटार म्हणजे हप्ते, हे समीकरण पक्के झाले.

अशा करारात मुदतीआधी पैसे फेडायला कोणी गेला, की गाडी अडे. व्याजाला कायद्याने व्याजच मानले नव्हते. तो ‘उधारीच्या किमतीचा’ भाग होता. मग ते परत का द्यायचे? करारात सूट लिहिलेली नसेल, तर बारा महिन्यांचे कर्ज तिसऱ्या महिन्यात फेडणाऱ्यानेही बाराही महिन्यांचे व्याज भरावे, अशी सावकाराची भूमिका कायद्याच्या भाषेत अगदीच निराधार नव्हती.

१९३० च्या दशकातल्या मंदीनंतर राज्यांनी या व्यवहारात लक्ष घातले. इंडियाना राज्याने १९३५ साली हप्तेबंदीच्या किरकोळ विक्रीचे नियमन करणारा कायदा केला, आणि अठ्ठ्याहत्तरच्या नियमाची कायद्यातली पहिली ज्ञात नोंद तिथलीच मानली जाते. म्हणजे आज ज्याला आपण ग्राहकविरोधी म्हणतो, तो नियम जन्मला ग्राहकाच्या संरक्षणासाठी. लवकर फेडणाऱ्याला काहीतरी परत मिळालेच पाहिजे, हे त्याने प्रथम सक्तीचे केले. इतिहासात सुधारणेचे पाऊल पुढच्या पिढीला बेडी वाटू लागते, त्याचे इतके नेमके आकडेवारीतले उदाहरण क्वचित सापडते.

आता नियम. सोयीसाठी आकडे असे घेऊ की हिशेब तोंडी करता यावा. एकाने ९०० डॉलर कर्ज घेतले, मुदत बारा महिने, एकूण व्याज ७८ डॉलर. देणे झाले ९७८ डॉलर आणि हप्ता ८१ डॉलर ५० सेंट. नियम म्हणतो: ७८ चे अठ्ठ्याहत्तर भाग करा. पहिल्या महिन्यात सावकाराने त्यातले बारा भाग कमावले असे समजा, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात दहा, आणि असे उतरत शेवटच्या महिन्यात एक. बारा, अकरा, दहा... एक, यांची बेरीज अठ्ठ्याहत्तर. म्हणून हे नाव. मुदत चोवीस महिन्यांची असेल तर बेरीज ३०० होते आणि छत्तीसची असेल तर ६६६, पण नाव मात्र सगळ्यांना अठ्ठ्याहत्तरचेच राहिले.

हा माणूस तिसरा हप्ता भरून कर्ज मिटवायला गेला, तर सावकाराची कमाई झाली १२ अधिक ११ अधिक १०, म्हणजे ३३ डॉलर. उरलेले ४५ डॉलर ही त्याची सूट. नऊ हप्ते बाकी, त्यांची रक्कम ७३३ डॉलर ५० सेंट. त्यातून ४५ वजा केले की ६८८ डॉलर ५० सेंट भरून तो मोकळा. कारकुनाला एवढी बेरीजही करावी लागत नसे. उरलेले हप्ते नऊ, म्हणून नऊ गुणिले दहा. मूळ हप्ते बारा, म्हणून बारा गुणिले तेरा. ९० भागिले १५६, आणि त्याला एकूण व्याजाने गुणले की सूट हातात. ज्या काळात दुकानाच्या मागच्या खोलीत बसलेल्या माणसाकडे पेन्सिल, कागद आणि फार तर हाताने फिरवायचे बेरीजयंत्र असे, त्या काळात या सोपेपणाची किंमत कमी लेखू नये.

आता याच कर्जाचा खरा हिशेब करू. ९०० डॉलर देऊन बारा महिने ८१ डॉलर ५० सेंट मिळत असतील, तर सावकाराला शिल्लक मुद्दलावर दरमहा सुमारे १.३०२४ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण १५.६ टक्के दर पडतो. (करारावर मात्र ९०० वर ७८, म्हणजे पावणेनऊ टक्क्यांच्या आतबाहेर, असाच आकडा दिसे, तो आणखी एक वेगळा खेळ.) पहिल्या महिन्यात ९०० वर व्याज लागते ११ डॉलर ७२ सेंट. हप्त्यातून ते वजा जाऊन उरलेले मुद्दलात जमा होते आणि शिल्लक ८३० डॉलर २२ सेंट राहते. दुसऱ्या महिन्याचे व्याज १० डॉलर ८१ सेंट, तिसऱ्याचे ९ डॉलर ८९ सेंट. तीन महिन्यांची खरी कमाई ३२ डॉलर ४२ सेंट. नियमाने दिले ३३. फरक ५८ सेंटांचा.

अठ्ठावन्न सेंट! एवढ्यासाठी लांबलचक धागा कशाला, असे कोणालाही वाटेल. १९३५ च्या विधिमंडळालाही बहुधा तसेच वाटले असावे, आणि एका वर्षाच्या कर्जापुरते ते बरोबरही होते. उलट व्याज सरळ महिन्यांवर सारखे वाटले असते, दरमहा साडेसहा डॉलर, तर तीन महिन्यांची कमाई साडेएकोणीसच ठरली असती आणि सावकारावर अन्याय झाला असता. कारण सुरुवातीला मुद्दल जास्त अडकलेले असते आणि त्यावरचे व्याजही जास्तच असायला हवे. हप्त्याचा सुरुवातीचा भाग व्याजात जातो यात लबाडी नाही. प्रश्न आहे तो किती जातो, हा.

फरक पडतो तो का, हे एकदा नीट पाहिले की पुढचा सगळा इतिहास उलगडतो. अठ्ठ्याहत्तरचा नियम व्याज उरलेल्या हप्त्यांच्या संख्येप्रमाणे वाटतो. बारा हप्ते बाकी असताना बारा भाग, सहा बाकी असताना सहा. म्हणजे सहा हप्ते बाकी असतील तेव्हा मुद्दल सुरुवातीच्या निम्मे उरले आहे, असे तो धरून चालतो. परंतु उरलेल्या हप्त्यांत मुद्दलाबरोबर पुढचे व्याजही भरलेले असते, आणि जितके हप्ते जास्त बाकी, तितका त्यातला व्याजाचा वाटा मोठा. खरे मुद्दल सुरुवातीला हळूहळू उतरते आणि शेवटी भराभर. आपल्या उदाहरणात सहा हप्त्यांनंतर खरी शिल्लक ४६७ डॉलर ४५ सेंट आहे. ९०० च्या निम्मे म्हणजे ४५० नव्हे.

खऱ्या व्याजाची उतरण अशी आधी मंद आणि मग तीव्र असते. नियमाची उतरण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. दोन्ही हिशेबांत एकूण व्याज मात्र तेच, ७८ डॉलर. एकूण बेरीज सारखी ठेवून एका रांगेची घसरण एकसारखी आणि दुसरीची आधी मंद असेल, तर पहिल्या रांगेने सुरुवातीला दुसरीपेक्षा उंचावर असणे भाग आहे. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत नियम सावकाराला खऱ्याहून जास्त व्याज देतो आणि शेवटच्या महिन्यांत कमी. पूर्ण मुदत भरणाऱ्याला याचा काडीचाही फरक पडत नाही. मध्ये कधीही बाहेर पडणारा मात्र सावकाराला ‘आगाऊ’ मिळालेला भाग देऊन जातो आणि ज्या महिन्यांत त्याची भरपाई व्हायची ते महिने त्याच्या आयुष्यात येतच नाहीत. मुदतीच्या अलीकडे कोणत्याही महिन्यात हिशेब थांबवा, झुकाव सावकाराकडेच. यात नशिबाचा भाग नाही.

हा झुकाव दोन गोष्टींनी वाढतो: दर आणि मुदत. दर किरकोळ असेल तर खऱ्या उतरणीची वक्रता जवळजवळ सपाट असते आणि दोन्ही हिशेब जुळतात. दर मोठा आणि मुदत लांब झाली, की दोघांची फारकत होते. १९३५ मध्ये हप्तेबंदीची मुदत एक-दोन वर्षांच्या पुढे सहसा जात नसे. नियमाची रचना त्या मापाची होती. पुढे अंगरखा तोच राहिला आणि अंग मात्र वाढले.

हे अंग वाढले सत्तर-ऐंशीच्या दशकांत. महागाईने व्याजदर कधी नव्हे इतके चढवले. डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकन बँकांचा सर्वोत्तम ग्राहकांसाठीचा दरही २१.५ टक्क्यांवर गेला. मोटारींची मुदत चार-पाच वर्षांवर गेली. घरावर दुसरे तारण ठेवून काढलेली कर्जे आणि चाकांवरच्या तयार घरांची कर्जे दहा-पंधरा वर्षांची असत, आणि त्यांतली कित्येक अजूनही पहिल्या दिवशीच सगळे व्याज मिळवलेल्या जुन्याच साच्यात लिहिली जात.

असे एक कर्ज घेऊ: १०,००० डॉलर, वर्षाला १५ टक्के, पंधरा वर्षे म्हणजे १८० हप्ते. हप्ता येतो १३९ डॉलर ९६ सेंट आणि एकूण व्याज सुमारे १५,१९३ डॉलर. एक ते १८० ची बेरीज १६,२९०. नियमाप्रमाणे पहिल्या महिन्यात सावकाराची कमाई १८० भाग, म्हणजे १६७ डॉलर ८७ सेंट. खरे व्याज मात्र १०,००० वर सव्वा टक्का, म्हणजे १२५ डॉलर. आणि हप्ता आहे १४० डॉलर. वाचकाने इथे थोडे थांबावे. पहिल्या महिन्यात नियम सावकाराच्या पदरात जे व्याज टाकतो, ते ऋणकोने भरलेल्या संपूर्ण हप्त्याहूनही २८ डॉलरनी अधिक आहे.

या माणसाने वर्षभर न चुकता बारा हप्ते भरले. त्याचे १,६७९ डॉलर ५० सेंट गेले. त्याने घर विकून कर्ज मिटवायचे ठरवले आणि कार्यालयात आकडा विचारला, तर उत्तर मिळणार: १०,२७३ डॉलर. घेतले होते दहा हजार. खऱ्या हिशेबाने शिल्लक असायला हवी ९,८०८. तिसाव्या हप्त्यापर्यंत ही रक्कम चढतच जाते आणि १०,४३२ डॉलरांवर पोचते. तिथून ती उतरू लागते. पाच वर्षे पूर्ण झाली, साठ हप्त्यांत ८,३९८ डॉलर भरून झाले, तरी कर्ज मिटवायला १०,०२४ डॉलर लागतात. खरी शिल्लक ८,६७५. पाच वर्षे हप्ते भरूनही माणूस सुरुवातीच्या रेषेच्या मागेच उभा, आणि फरक आता ५८ सेंटांचा नव्हे, सुमारे १,३४९ डॉलरांचा.

अशी अवस्था कधी येते, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. मुदतीचे एकूण व्याज मुद्दलाएवढे झाले, म्हणजे मराठीत ज्याला दामदुपट म्हणतात ती गाठली गेली आणि थोडी ओलांडली, की या नियमात पहिल्या महिन्याचे व्याज हप्त्याला गिळते आणि मिटवणीची रक्कम मुद्दलाच्या वर जाते. व्याज त्याखाली असेल तर रक्कम उतरते खरी, पण हवी त्याहून संथपणे.

सावकारांची बाजूही होती, आणि ती सर्वस्वी पोकळ नव्हती. कर्ज देताना चौकशी, कागदपत्रे, दलाली हा खर्च पहिल्याच दिवशी होतो; ऋणको तिसऱ्या महिन्यात निघून गेला तर तो वसूल कसा व्हायचा? म्हणून सुरुवातीला थोडे जास्त घेणे रास्त, असे ते सांगत. पण हा युक्तिवाद नियमाच्या गणिताला लागू पडत नाही. कर्ज देण्याचा खर्च साधारण ठरावीक असतो. नियमातून मिळणारा जादा पैसा मात्र दर आणि मुदतीबरोबर फुगत जातो. शिवाय काही राज्यांचे कायदे सूट काढण्याआधी ठरावीक रक्कम खर्चापोटी वेगळी वजा करूही देत. एकाच खर्चाची वसुली दोन दारांनी होत होती.

यात सर्वांत जास्त कोण भरडले गेले, हेही पाहण्यासारखे आहे. लवकर फेड म्हटले की हातात अचानक पैसा आलेला सुखवस्तू माणूस डोळ्यांसमोर येतो. लहान कर्जे देणाऱ्या वित्त कंपन्यांच्या दारात चित्र उलटे असे. हप्ता झेपेनासा झाला की ऋणको नवे, मोठे कर्ज घेई आणि त्यातून जुने मिटवले जाई. कागदावर ही ‘मुदतपूर्व फेड’च. जुन्या कर्जाची सूट अठ्ठ्याहत्तरच्या नियमाने निघे, म्हणजे खऱ्या हिशेबाहून मोठी शिल्लक नव्या कर्जाच्या मुद्दलात जाऊन बसे आणि तिच्यावर पुन्हा व्याज लागे. दर वर्षी-दीड वर्षाने असे उलटपालट झाले, तर नियमाचा जो सर्वांत महाग भाग, तो सुरुवातीचा, तोच ऋणको पुन्हा पुन्हा भरत राही. स्वस्त असा शेवटचा भाग त्याच्या वाट्याला कधी येत नसे.

‘लोकांना माहिती द्या, मग ते स्वतः पाहून घेतील’ हा उपाय आधी करून झाला होता. इलिनॉयचे सिनेटर पॉल डग्लस यांनी १९६० पासून कर्जाचा खरा दर उघड करण्याचे विधेयक लावून धरले; ते स्वतः १९६६ ची निवडणूक हरले, आणि विल्यम प्रॉक्समायर यांनी ते पुढे नेऊन १९६८ साली त्याचा कायदा झाला. वार्षिक खरा दर छापणे बंधनकारक झाले, हे मोठेच यश. याची गरज किती होती, हे १९३० च्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या ‘सहा टक्के योजने’वरून कळते: सहा टक्के हे मूळ मुद्दलावर सरसकट लावलेले असत आणि बारा महिन्यांच्या हप्तेबंदीत त्यांचा खरा दर सुमारे ११ टक्के होई. केंद्रीय व्यापार आयोगाने त्या जाहिरातीवर बंदी आणली आणि १९४० साली न्यायालयाने ती कायम केली.

मात्र मुदतपूर्व सुटीच्या बाबतीत १९६८ च्या व्यवस्थेने एवढेच मागितले, की सूट कोणत्या पद्धतीने काढली जाईल ते करारात लिहावे. करारांत लिहिले गेले: ‘अठ्ठ्याहत्तरच्या नियमानुसार’. या शब्दांतून कोणाला काय बोध व्हावा? दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला ते एखाद्या कलमाचे क्रमांक वाटले असतील. १९८० च्या सुधारणेत तर पद्धतीचे नाव देण्याची अटही गळाली. सूट मिळेल की नाही, इतके सांगितले की पुरे.

आणि आता या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग. १९८० च्या आसपास काही चतुर गुंतवणूकदारांच्या ध्यानात आले, की हाच नियम ऋणकोच्या फायद्याचाही होऊ शकतो. फक्त ऋणको असा हवा, की ज्याला व्याज जास्त ‘दाखवायचे’ आहे. मोठ्या इमारतींवर दीर्घ मुदतीची कर्जे काढायची, व्याज अठ्ठ्याहत्तरच्या नियमाने मोजायचे, आणि सुरुवातीच्या वर्षांत फुगलेले ते व्याज उत्पन्नातून वजा करून आयकर वाचवायचा. प्रत्यक्षात तेवढे व्याज भरलेलेही नसे. हप्त्यापेक्षा मोठे व्याज कागदावर निघत होते, हे वर पाहिलेच.

अमेरिकेच्या आयकर खात्याने १९८३ साली यावर स्पष्ट निर्णय दिला: अठ्ठ्याहत्तरच्या नियमाने काढलेले व्याज हे त्या वर्षीचे खरे आर्थिक व्याज नव्हे, म्हणून त्याची वजावट मिळणार नाही, शिल्लक मुद्दलावर खऱ्या दराने जेवढे होते, तेवढेच धरले जाईल. अल्प मुदतीच्या ग्राहककर्जांपुरती सवलत ठेवली गेली. पुढे न्यायालयांनीही हीच भूमिका मान्य केली.

म्हणजे १९८३ मध्ये एकाच देशाचे सरकार म्हणत होते, की हा हिशेब आर्थिक वास्तवाशी जुळत नाही, आणि त्याच देशातल्या अनेक राज्यांचे कायदे म्हणत होते, की सामान्य ऋणकोसाठी हाच हिशेब ग्राह्य आहे. तिजोरीला झळ पोचली तेव्हा गणित चटकन कळले. सोयीचा युक्तिवादही तोवर संपला होता: १९८१ साली बाजारात आलेल्या एचपी-१२सी या खिशातल्या गणकयंत्रावर कोणताही कारकून काही बटणे दाबून खरी शिल्लक काढू शकत होता.

ग्राहकांसाठी त्यानंतर नऊ वर्षे लागली. १९९२ च्या गृहनिर्माणविषयक केंद्रीय कायद्यात एक कलम घातले गेले: ६१ महिन्यांहून अधिक मुदतीच्या ग्राहककर्जात मुदतपूर्व सूट अठ्ठ्याहत्तरच्या नियमाने काढता येणार नाही, ऋणकोला शिल्लक मुद्दलाच्या खऱ्या हिशेबापेक्षा कमी सूट देता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ नंतरच्या कर्जांना ते लागू झाले. त्याच कलमाने आणखी एक साधी पण उपयोगी गोष्ट केली: अशा आधीच व्याज मिळवलेल्या कर्जाची मिटवणीची रक्कम ऋणकोने तोंडी किंवा लेखी विचारली, तर पाच दिवसांत ती आणि तीत धरलेली सूट सांगणे सावकारावर बंधनकारक झाले.

ब्रिटनची वाट निराळी. तिथे १९७४ च्या ग्राहककर्ज कायद्याखाली १९८३ साली केलेल्या नियमांनी अठ्ठ्याहत्तरची पद्धत किमान सुटीचे माप म्हणून अधिकृतच केली, आणि वर हिशेबाची तारीख पुढे ढकलण्याची मुभाही सावकाराला दिली. म्हणजे अमेरिकन आयकर खात्याने ज्या वर्षी नियम नाकारला, त्याच वर्षी लंडनने त्याला राजमान्यता दिली. तिथे नव्या नियमांनी तो हटवला २००४ साली. अंमल ३१ मे २००५ पासून. जुन्या करारांना त्यानंतरही काही काळ मुदत मिळाली.

भारतात हीच बेरीज भाड्याने-खरेदीच्या, म्हणजे हायर परचेसच्या हिशेबात ‘सम ऑफ डिजिट्स’ या नावाने वावरली. वित्त कंपन्या वर्षाचे उत्पन्न दाखवताना ती वापरत आणि सनदी लेखापालाच्या अभ्यासक्रमात ती शिकवली जाई. तिथे प्रश्न कंपनीच्या वहीत कोणत्या वर्षी किती नफा दिसावा, हा असतो. त्याच पद्धतीने ऋणकोचे देणे काढले की मगच वर पाहिलेला झुकाव त्याच्या खिशाला लागतो.

अमेरिकेतली ६१ महिन्यांची रेषा आजही तशीच आहे. तिच्या आतली कर्जे राज्यांवर सोडलेली आहेत. अनेक राज्यांनी नियम मोडीत काढला, काहींनी ठेवला. रेषेच्या आत किती फरक उरतो, हे पाहायला १०,००० डॉलरांचे साठ महिन्यांचे, १२ टक्क्यांचे मोटारकर्ज पुरेसे आहे. हप्ता २२२ डॉलर ४४ सेंट, एकूण व्याज सुमारे ३,३४७. चोवीस हप्त्यांनंतर खरी शिल्लक ६,६९७ डॉलर. अठ्ठ्याहत्तरच्या नियमाने ६,७९०. गाडी दोन वर्षांनी बदलून नवे कर्ज काढणाऱ्याच्या नव्या मुद्दलात हे ९३ डॉलर जाऊन बसतात. करारात ते कोठेही वेगळे लिहिलेले नसतात; उरलेले हप्ते आणि खरा वार्षिक दर हाती घेऊन शिल्लक स्वतः काढली, तरच दिसतात.